फोटोत नव्हतं ते तसबिरीत आलं कुठून?

कितीतरी घरांत आजीचा एकुलता एक फोटो असतो तो कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत. दुसऱ्या रांगेत, कडेला, नऊवारी नेसलेली, अंबाडा घातलेली, कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून किंचित हसलेली. आजी गेल्यावर नातू तो फोटो घेऊन स्टुडिओत येतो आणि सांगतो, 'एवढीच आजी वेगळी काढून मोठी तसबीर करून द्या. भिंतीवर लावायचीय.' फ्रेमवाल्याकडे १६ बाय २० इंचाची चौकट आधीच ठरलेली असते.

हे काम पूर्वी हातानं व्हायचं. चित्रकार मोठ्या केलेल्या फोटोवर पेन्सिल, ब्रश आणि रंग चालवून चेहरा उभा करायचा. आता बहुतेक ठिकाणी चेहरे 'दुरुस्त' करणारं सॉफ्टवेअर पहिला हात मारतं आणि माणूस त्यावर शेवटचा हात फिरवतो. चित्र दोन मिनिटांत तयार होतं आणि तिथंच खरं काम सुरू होतं. तसबीर हाती पडताच नातवाची आई म्हणते, 'छान आहे, पण ही आमची आई नाही वाटत.' काय चुकलं ते तिला सांगता येत नाही. ते शोधणं तपासणाऱ्याचं काम आहे आणि ते तसबीर घराबाहेर पडण्याआधी व्हायला हवं.

आधी थोडं गणित. त्या ग्रुप फोटोत आजीचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत १२ मिलिमीटर आहे असं धरू. १२०० डीपीआयवर स्कॅन केला तर त्या चेहऱ्याला सुमारे ५७० पिक्सेल उंची मिळते. आकडा दिलासा देणारा वाटतो, पण जुन्या छापील फोटोत तेवढा तपशील मुळात नसतो. कागदावर ३०० डीपीआयच्या तोडीचा तपशील आहे असं मानलं, तर खरी माहिती १४० पिक्सेलची आहे, बाकीचं कागदाचं पोत आणि दाणे. तसबिरीत चेहरा २० सेंटिमीटरचा आणि ३०० डीपीआयवर छापायचा, म्हणजे सुमारे २३६० पिक्सेल हवेत. खऱ्या माहितीच्या जवळजवळ १७ पट. या दोन आकड्यांमधलं सगळं, पापण्यांचे केस, दातांमधल्या रेघा, कुडीतले मोती, कुणीतरी अंदाजानं भरलेलं असतं.

अंदाज कसा भरला जातो याचं एक प्रसिद्ध उदाहरण २०२० सालचं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी 'पल्स' नावाची पद्धत मांडली होती. अगदी अस्पष्ट, चौकोनी ठिपक्यांचा चेहरा दिला की ती त्याच्याशी जुळणारा स्पष्ट चेहरा बनवायची. कुणीतरी तिला बराक ओबामांचा धूसर केलेला फोटो दिला आणि समोर आला एक गोरा माणूस. चर्चा झाली ती वर्णभेदाची, आणि ती व्हायलाच हवी होती. तसबीर तपासणाऱ्यासाठी मात्र त्यात आणखी एक धडा आहे. पल्सची रीतच अशी होती की तयार चेहरा पुन्हा लहान केला तर तो मूळ धूसर फोटोशी जुळावा. तो गोरा माणूस लहान केल्यावर ओबामांच्या धूसर फोटोशी जुळत होता. म्हणजे मूळ फोटोशी जुळणं आणि त्या माणसासारखं दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून पहिली चाचणी करायची ती तिची मर्यादा ओळखून. तसबीर लहान करून मूळ स्कॅनच्या मापाला आणावी, दोन्ही चित्रं एकावर एक ठेवावीत, बुबुळं बुबुळांवर जुळवावीत आणि वरच्या थराचा मोड `Difference` करावा. जिथं दोन्ही सारखी, तिथं काळं दिसतं. जिथं फरक, तिथं उजळ. नाकाची कड किंवा ओठांचा कोपरा उजळून निघाला तर तिथं चूक आहेच. सगळं काळं दिसलं, तर मात्र तसबीर बरोबर आहे असं ठरत नाही. फोटोशी उघड विसंगत असं काही नाही, एवढंच कळतं.

या चाचणीच्याही आधी एक गोष्ट पाहून घ्यावी लागते. फोटो सुलटा आहे ना? निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले फोटो जुन्या अल्बमांत सापडतात, आणि मोबाईलवरच्या सेल्फीत डावं-उजवं बदललेलं असू शकतं. बिली द किड हा अमेरिकन बंदूकबाज डावखुरा होता असा समज कित्येक दशकं टिकला, कारण त्याचा जो एक फोटो सर्वांना माहीत होता तो टिनटाइप होता आणि टिनटाइप आरशासारखा उलटा येतो. त्याच्या हातातल्या विंचेस्टर रायफलीत काडतुसं भरण्याची खिडकी उजव्या बाजूला असायला हवी. फोटोत ती डावीकडे दिसते. व्हॅन गॉगनं १८८९ मध्ये कानावर पट्टी बांधलेली स्वतःची चित्रं काढली. त्यांत पट्टी उजव्या कानावर दिसते, पण त्यानं कापला होता डावा कान. तो आरशात पाहून रंगवत होता.

आपल्याकडच्या फोटोत रायफल नसते, पण खुणा भरपूर असतात. महाराष्ट्रात नथ डाव्या नाकपुडीत घालतात. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर असतो. शेजारी उभ्या पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. घड्याळ बहुधा डाव्या मनगटावर. यांतल्या दोन-तीन खुणा उलट्या निघाल्या की फोटो फिरवून घ्यावा आणि मगच पुढं जावं. उलट्या फोटोवरून केलेली तसबीर कितीही सुबक असली तरी आजीच्या मुलीला ती परकी वाटते, कारण आईचा भांग, तीळ आणि हसताना वर जाणारा ओठाचा कोपरा तिच्या डोक्यात ठरलेल्या बाजूला असतो.

आता चेहऱ्याच्या दोन बाजूंकडे. इथं तपासणारे सर्रास एक चूक करतात. दोन डोळे सारखे दिसले नाहीत की त्यांना तो दोष वाटतो आणि ते दुरुस्त करायला बसतात. कुठल्याही माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एक भुवई वर असते, एक पापणी जरा जड असते, नाक किंचित एका बाजूला झुकलेलं असतं. ओळख याच फरकांत असते. सॉफ्टवेअर हजारो चेहऱ्यांवरून शिकलेलं असतं, त्यामुळे ते जड पापणी उचलतं, नाक सरळ करतं, आणि चेहरा सरासरीकडे सरकतो. चित्र देखणं होतं, आजी नाहीशी होते. तेव्हा तपासणाऱ्याला दोन उलट दिशांनी पाहावं लागतं: फोटोत नसलेला वाकडेपणा तसबिरीत आला आहे का, आणि फोटोत असलेला वाकडेपणा तसबिरीतून गेला आहे का. दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि साम्य बिघडतं ते बहुतेक वेळा तिथंच.

यासाठी आरसा हे सर्वांत जुनं साधन. आपलं चित्र आरशात पाहावं, म्हणजे ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं दिसतं आणि चुका उघड होतात, असा सल्ला लिओनार्दो दा विंचीनं पंधराव्या-सोळाव्या शतकात लिहून ठेवला. पडद्यावर हे काम `Flip Canvas Horizontal` ही आज्ञा करते. पण मूळ फोटोही सोबत उलटावा. फक्त तसबीर उलटली तर आजीचा खरा वाकडेपणाही चूक वाटू लागतो. दोन्ही शेजारी-शेजारी उलटून ठेवले की जो फरक उरतो तोच कामाचा.

चित्र डोक्यावर उभं करून पाहण्याची युक्तीही स्टुडिओत चालते. तिचा उपयोग मर्यादित आहे. यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्प्सन यांनी १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले डोळे आणि तोंड तेवढे कापून उलटे चिकटवले. तो फोटो सुलटा पाहिला तर भेसूर दिसतो, पण खाली डोकं वर पाय केला की जवळजवळ काहीच खटकत नाही. उलट्या चेहऱ्यातलं तोंड आणि डोळे माणसाला नीट वाचता येत नाहीत. म्हणून उलटं करून जबड्याची रेघ, खांद्यांचा उतार, मानेची जाडी जरूर तपासावी. डोळे आणि दात तपासू नयेत.

दात हा तसबिरीतला सर्वांत अवघड भाग, आणि तो सॉफ्टवेअरच्या फार आधीपासून अवघड आहे. १७८७ मध्ये एलिझाबेथ विजे ल ब्रँ या फ्रेंच चित्रकर्तीनं मुलीला कुशीत घेतलेलं स्वतःचं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं. त्यात ओठ विलग होते आणि दात दिसत होते, एवढ्यावरून टीका झाली. व्यक्तिचित्रात तोंड मिटलेलं ठेवायची रीत होती, आणि तिच्यामागं व्यावहारिक कारणही होतं: तासन्‌तास बसलेल्या माणसाला हसू धरून ठेवता येत नाही.

संगणकानं बनवलेल्या चेहऱ्यांतही दातांनीच आधी चुगली केली. एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांचं 'स्टाइलगॅन' २०१८ च्या शेवटी आलं. त्याच महिन्यात काइल मॅक्डॉनल्ड या कलावंतानं असे चेहरे ओळखण्याच्या खुणा लिहिल्या. त्यांत विचित्र दात आणि न जुळणारी कानातली होती. वर्षभरानं एनव्हिडियाच्याच चमूनं सुधारित आवृत्ती मांडताना एक दोष स्वतः दाखवला. चेहरा डावी-उजवीकडे वळला तरी दातांची ओळ कॅमेऱ्याकडेच तोंड करून जागच्या जागी राहायची. तो दोष त्यांनी दूर केला, पण मान वळलेल्या चेहऱ्यात दातांची मध्यरेषा नीट आहे का हे पाहण्याची सवय अजूनही सोडू नये.

आपल्या आजीनं मान किंचित तिच्या उजवीकडे वळवली आहे. नाकाखालची पन्हळ ज्या बाजूला सरकली, साधारण त्याच बाजूला वरच्या दोन मधल्या दातांमधली फट सरकायला हवी. ते दोन दात सर्वांत रुंद, त्यांच्या शेजारचे जरा अरुंद, मग सुळे. दोन सुळ्यांच्या मध्ये पटाशीचे चार दात. तसबिरीत पाच निघाले, किंवा ऐन मध्यरेषेवर एकच दात उभा राहिला, तर ती बहुधा सॉफ्टवेअरची करणी. बहुधा म्हणायचं, कारण काही थोड्या माणसांना त्या जागी खरोखरच जादा दात असतो. कोपऱ्याकडे दात सावलीत जाऊन अंधुक व्हायला हवेत. तिथंही ते पुढच्यांइतकेच पांढरे राहिले तर तोंडात दिवा लावल्यासारखं दिसतं.

आणि मूळ फोटोत काय आहे? एक फिकट पट्टी. त्यात दात मोजताच येत नाहीत. मग तसबिरीतही ते मोजता येऊ नयेत. जुने चित्रकार नेमकं हेच करत: मधल्या दोन दातांमधली रेघ पुसट सुचवायची, बाकीची ओळ एकसंध ठेवायची, फक्त ओठांच्या कडा आणि कोपऱ्यातली सावली नीट सांभाळायची. पाहणारा मनानं दात भरून घेतो, आणि घरचा माणूस आजीचेच दात भरतो. घरच्यांना मात्र आधी विचारावं. मिश्रीनं दात काळवंडले होते का, पुढं फट होती का, त्या वयात एखादा पडला होता का? ज्या आजीला सगळं गाव फटीच्या दातांवरून ओळखायचं, तिला जाहिरातीतली दंतपंक्ती देणं ही चूकच.

कानाकडे कुणी पाहत नाही, आणि म्हणूनच तो खरं सांगतो. जोवान्नी मोरेल्ली या इटालियन जाणकारानं १८७० च्या दशकात जुन्या चित्रांचे चित्रकार ओळखण्यासाठी कान आणि नखं तपासायला सुरुवात केली. चेहरा रंगवताना चित्रकार सावध असतो. कानाशी आला की हात सवयीनं चालतो आणि प्रत्येकाची सवय वेगळी. त्याच सुमारास पॅरिस पोलिसांतले आल्फाँस बर्तियाँ गुन्हेगारांची ओळख पटवताना कानाच्या ठेवणीची नोंद घेऊ लागले, कारण तो माणसागणिक बदलतो.

चेहरा दुरुस्त करणारी प्रचलित साधनं चेहऱ्याभोवतीचा एक चौकोन उचलतात, ५१२ बाय ५१२ पिक्सेलमध्ये तो नव्यानं रंगवतात आणि परत चिकटवतात. कान या चौकोनाच्या कडेला पडतात. तिथं नवा आणि जुना भाग मिसळतो, म्हणून कानाची बाहेरची कड मध्येच गालात विरते किंवा पाळी जबड्याला चिकटते. पाळी सुटी की चिकटलेली, एवढी एकच गोष्ट फोटोतून आणि घरच्यांकडून पक्की केली तरी अर्धं काम होतं. मग कानाची उंची. मान सरळ असेल तर कानाचं वरचं टोक साधारण भुवईच्या रेषेत आणि पाळी नाकाच्या तळाच्या रेषेत येते. मान कलली असेल तर दोन्ही रेषा तेवढ्याच कलतात. एका कानाची रेष कलली आणि दुसऱ्याची नाही, तर दुसरा कान उपरा.

आपल्या फोटोत आजीचा फक्त डावा कान दिसतो. उजवा वळलेल्या चेहऱ्यामागं गेला आहे. नातवानं सांगितलं, 'चेहरा समोर वळवून द्या', तर उजवा कान संपूर्ण काल्पनिक होणार. डावा कान उलटून उजवीकडे बसवणं हा सोपा मार्ग, पण उजेड डावीकडून असताना उजव्या कानावरची सावली मग चुकीच्या बाजूला पडते. उतारवयातल्या दुसऱ्या फोटोतून कान उसना घेतला, तर माप बघावं. ब्रिटनमधल्या एका पाहणीत, १९९५ मध्ये, वयाबरोबर कान वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर वाढतो असं आढळलं; तीस वर्षांत साडेसहा मिलिमीटर. जड कुड्यांनी ओढलेली पाळी आणखी लांबते. साठीतला कान तिशीतल्या चेहऱ्याला लावला की तो लोंबतो.

दागिने तपासायचे ते बोट ठेवून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. काळी पोत मानेमागून निघते, पदराखाली जाते, पुन्हा दिसते तेव्हा त्याच वळणात असली पाहिजे. सॉफ्टवेअरच्या चित्रात ती मध्येच कातडीत शिरते, नाहीतर एका बाजूला दुपदरी आणि दुसऱ्या बाजूला एकपदरी असते. मंगळसूत्राच्या वाट्या दोन. तिसरी आली किंवा दोन्ही वितळून एकच पदक झालं तर मराठी घरात पहिली नजर तिथंच जाते. नथ नाकपुडीतून आरपार गेलेली दिसावी, वर ठेवलेली नव्हे. मोत्यांच्या कुडीत मधला एक आणि भोवती सहा मोती असतात. एका कानात सात आणि दुसऱ्यात नऊ असं होऊ नये. चेहरा वळल्यामुळे लांबची कुडी अरुंद दिसेल, पण मोत्यांची संख्या बदलणार नाही.

कुणी म्हणेल, व्हर्मीरच्या मोत्याला तरी अडकवण कुठं आहे? 'मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी' हे त्याचं चित्र सुमारे १६६५ चं. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयानं २०१८ मध्ये आधुनिक उपकरणांनी ते तपासलं तेव्हाही मोती कानाला जोडणारी कडी सापडली नाही. पांढऱ्या रंगाच्या दोन-चार फटकाऱ्यांनी तो मोती झाला आहे. पण ती मुलगी कुणाची ओळखीची व्यक्ती म्हणून काढलेली नाही. त्या प्रकारच्या चित्रांत काल्पनिक चेहरेच काढत. आजीची कुडी मात्र खरी आहे आणि पुष्कळदा अजून कुणाच्या तरी कपाटात आहे. ग्राहकाला ती आणायला सांगावं, त्याच उजेडात तिचा फोटो काढावा आणि तोच तसबिरीत बसवावा. दागिन्यांच्या बाबतीत अंदाज करायचं कारणच उरत नाही.

एका चुकीला मात्र माफी नाही. फोटोत आजीचं कपाळ मोकळं आहे, गळ्यात पोत नाही, आणि सॉफ्टवेअरनं 'भारतीय बाई' पाहून टिकली लावली, मंगळसूत्र घातलं. त्या काळी विधवा बाईच्या अंगावर ते नसायचं. आज घरच्यांना आजीच्या कपाळावर कुंकू हवं असेल, तर तो त्यांचा निर्णय आणि तो त्यांनी स्पष्ट सांगायला हवा. स्टुडिओनं परस्पर घेतलेला असता कामा नये.

हे सगळं एका बैठकीत दिसत नाही. चित्र रात्रभर बाजूला ठेवावं, सकाळी छोटं प्रूफ छापून दिवसाउजेडी दोन मीटरवरून पाहावं. मग घरातल्या दोघांना वेगवेगळं दाखवावं. 'आवडलं का?' असं विचारू नये. त्याला माणसं हो म्हणतात. 'काय खटकतंय?' असं विचारावं. दोघांचं बोट एकाच जागी गेलं तर तिथं चूक आहे, कारण सापडलं नसलं तरी. तिथं सॉफ्टवेअरचा जोर कमी करावा. 'कोडफॉर्मर'मध्ये त्यासाठी `w` हा आकडा आहे, ० ते १. तो १ कडे नेला की चित्र कमी चकचकीत आणि मूळ फोटोशी जास्त प्रामाणिक होतं. तसबिरीत तेच हवं.

तसबीर देताना सोबत मूळ स्कॅन, काहीही न बदललेला, द्यावा आणि कोणता भाग अंदाजानं केला आहे ते मागं लिहून ठेवावं. त्या ग्रुप फोटोवरून १६ बाय २० इंचाची तसबीर करू नये. ८ बाय १० ची करावी, चेहरा आहे तसाच वळलेला ठेवावा, ओठांमध्ये दातांची फिकट पट्टी असू द्यावी आणि उजवा कान काढूच नये.